पाच बोटं, तीन तुकडे

पडद्यावर एका सेकंदात २४ फ्रेम सरकतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं लागतात. माणसाच्या एका हातात बोटांची १४ पेरं असतात: चार बोटांची तीन-तीन आणि अंगठ्याची दोन. दोन्ही हातांची मिळून २८. चित्रकाराने प्रत्येक पेर इमानेइतबारे काढायचं ठरवलं, तर एका सेकंदाच्या दृश्यासाठी त्याला तीनशेच्या वर पेरं काढावी लागतील. एवढी मेहनत करून हाती काय लागतं, तर पडद्यावर वळवळणारी बोटं.

ही वळवळ का होते ते समजून घेण्यासारखं आहे. एका चित्रात तर्जनी केसभर लांब झाली आणि पुढच्या चित्रात केसभर आखूड, तर कागदावर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तीच चित्रं एकामागून एक पळायला लागली की डोळा त्या फरकाला हालचाल समजतो. बोट नुसतंच लांब-आखूड होत असतं, पण बघणाऱ्याला ते थरथरताना, फुगताना, आक्रसताना दिसतं. एका हातात अशी पाच बोटं असली की पात्र काय करतंय याकडे कुणाचं लक्षच राहत नाही. हात दाखवायला गेलो आणि नुसती बोटंच दिसली, असा प्रकार होतो.

त्यामुळे ॲनिमेशन शिकवणारे पहिल्या काही आठवड्यांत एक गोष्ट घोटून घेतात: आधी बोटं काढायचीच नाहीत. ओव्हनमधून गरम भांडं काढताना घालतात तसा हातमोजा काढायचा. त्यात अंगठा वेगळा असतो आणि बाकीची चार बोटं एकाच पिशवीत जातात. म्हणजे हाताचे तुकडे झाले तीन: तळहात, चार बोटांचा मिळून एक पट्टा, आणि अंगठा. प्रेस्टन ब्लेअर या डिस्नेच्या ॲनिमेटरने १९४०च्या दशकात शिकणाऱ्यांसाठी पुस्तक काढलं, त्यातही हात असेच ठोकळ्यांपासून सुरू होतात. ‘फॅन्टेशिया’मधले नाचणारे पाणघोडे ज्यांनी हलवले त्यांत हा ब्लेअर होता, तेव्हा त्याला बारकावे येत नव्हते असं कुणी म्हणणार नाही.

तीन तुकडे म्हटले तरी ते नीट पाहून काढावे लागतात. तळहात म्हणजे सपाट फळी नव्हे. तो अंगठ्याच्या बाजूला जाड, करंगळीच्या बाजूला थोडा पातळ आणि मधे किंचित खोलगट असतो. बोटांचा पट्टा तळहाताला जिथे जोडला जातो ती रेघ सरळ नसते, कमानीसारखी असते. बोटांच्या टोकांची रेघही तशीच कमानदार असते. हाताची मागची बाजू समोर असेल तर मधल्या बोटाची लांबी मनगटापासून टोकापर्यंतच्या लांबीच्या जवळपास निम्मी दिसते. पण तोच हात उलटा करून तळवा समोर आणला की बोटं आखूड वाटतात, कारण बोटांमधली कातडी तळव्याच्या बाजूने बरीच वर चढलेली असते. नवशिक्यांच्या चित्रांत हात वळताना बोटं अचानक वाढतात किंवा तुटल्यासारखी दिसतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. आणि अंगठा तर्जनीच्या शेजारून फुटत नाही. तो पार खालून, मनगटाजवळून निघतो आणि मांसल उंचवटा सोबत घेऊन हलतो. अंगठ्याचा तुकडा काढायचा तर हा उंचवटा धरूनच काढायचा.

बोटं एकत्र बांधणं ही निव्वळ वेळ वाचवण्याची युक्ती आहे, असं मात्र समजू नये. शरीरातही त्यांची अशीच गटबाजी चालते. वाचता वाचता एक करून पाहा. हात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून तळव्याखाली घ्या आणि बाकीची बोटं टेबलाला टेकलेली राहू द्या. आता अंगठा उचला. मग तर्जनी, मग करंगळी. जमतं. आता अनामिका उचलून पाहा. बहुतेकांची जागची हलत नाही.

बोटं सरळ करणारा मुख्य स्नायू कोपरापुढच्या हातात असतो आणि तो चारही बोटांना सामाईक आहे. त्याच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. तर्जनी आणि करंगळी यांना मात्र या सामाईक स्नायूशिवाय स्वतःचा एकेक वेगळा स्नायू मिळालेला आहे. मधलं बोट आणि अनामिका यांना तो नाही. म्हणून ही दोघं जोडीने वावरतात, करंगळी थोडीफार आपल्या मर्जीने वागते आणि तर्जनी सगळ्यांत मोकळी असते. ॲनिमेटर जेव्हा मधली दोन बोटं चिकटलेली ठेवून तर्जनी आणि करंगळी जराशी फाकवतो, तेव्हा तो हाताच्या रचनेच्या विरुद्ध काहीच करत नसतो.

मिकी माउसची चार बोटं याच हिशेबातून आली. एक बोट कमी म्हणजे हजारो चित्रांत तेवढी रेघ कमी, शिवाय इवल्या हातात पाच बोटं कोंबली की तो घडासारखा गिचमिड दिसतो. पण मिकीच्या हातमोज्यांची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९२८च्या ‘स्टीमबोट विली’मध्ये मिकीच्या हातात मोजे नाहीत. त्याचं अंग काळं, हातही काळे. हात छातीसमोर आला की काळ्यावर काळा मिसळून जाई आणि तो काय करतोय ते कळत नसे. १९२९च्या ‘द ऑप्री हाउस’मध्ये त्याने पांढरे मोजे घातले आणि हात अंगावर आला तरी वेगळा दिसायला लागला. हाताचं चित्र कितीही चांगलं असलं तरी त्याची बाह्यरेषा मागच्या वस्तूपासून सुटी दिसत नसेल तर उपयोग नाही, हे त्या काळ्या-पांढऱ्या जमान्यातच उमगलं होतं. आजही स्टुडिओत पहिली कसोटी हीच लावतात: सगळं पात्र काळ्या रंगाने भरून टाकायचं आणि नुसत्या काळ्या आकृतीवरून हात काय करतोय ते ओळखू येतं का पाहायचं.

आता हे सगळं एका दृश्यात कसं बसतं ते पाहू. दृश्य साधं आहे. फाट्यावरच्या थांब्यावर नऊवारीतली एक आजी नातवाला घेऊन उभी आहे. लांबून एसटी येते. आजी हात हलवून ती थांबवते, बोट दाखवून नातवाला ‘ती बघ, आली’ म्हणते आणि गाडी थांबल्यावर दाराजवळचा उभा दांडा धरून चढते. चार सेकंद, ९६ फ्रेम, ४८ चित्रं. कॅमेरा बाजूला, आजी डावीकडे तोंड करून उभी. हलवणं, दाखवणं, धरणं या तिन्ही क्रिया एकामागून एक येतात आणि प्रत्येकीत बोटांचे गट बदलतात.

सुरुवात हलवण्यापासून. निरोप घेताना आपण तळवा समोरच्याला दाखवून हात डावीकडे-उजवीकडे हलवतो. एसटीला हात करताना तसं करत नाही. हात रस्त्याच्या दिशेने लांब करतो आणि पंजा मनगटातून वर-खाली हलवतो. बाजूने पाहणाऱ्या कॅमेऱ्याला हे सोयीचं आहे, कारण पंजाची कड दिसते आणि मागे मोकळं आकाश मिळतं. इथे चारही बोटं एकच पट्टा. त्यांच्यात फटी दाखवण्याची गरज नाही.

हात हलतो तेव्हा सगळ्यांत आधी काय हलतं? कोपरापुढचा हात. त्याच्या मागून मनगट, मनगटामागून तळहात आणि सर्वांत शेवटी बोटांचा पट्टा. मनगट वर जात असताना बोटांची टोकं अजून खालीच लोंबत असतात. मनगट वरच्या टोकाला पोचून परत खाली निघालं की टोकं तेव्हा कुठे वर पोचतात. खाली येताना उलट: मनगट खाली चाललेलं, टोकं वर राहिलेली. ॲनिमेटर याला ‘ड्रॅग’ म्हणतात. हा मागे रेंगाळणारा भाग काढला नाही तर हात मनगटाच्या खिळ्यावर फिरणाऱ्या फळीसारखा दिसतो आणि आजीऐवजी लाकडी बाहुली एसटी थांबवतेय असं वाटतं.

एका हेलकाव्याला १२ फ्रेम दिल्या, म्हणजे अर्धा सेकंद, सहा चित्रं. त्यातली सगळ्यांत महत्त्वाची चित्रं वरचं टोक आणि खालचं टोक नव्हेत, मधलं चित्र. ज्या क्षणी मनगट मध्यातून जातंय, त्या क्षणी पट्टा किती वाकलेला आहे यावर सगळी लवचीकता ठरते. तिथे तळहात आणि पट्टा एका रेषेत काढले तर आधी-नंतर कितीही सुंदर चित्रं असोत, हात ताठच दिसणार. दुसरी गोष्ट चित्रांमधल्या अंतराची. टोकांपाशी चित्रं जवळजवळ आणि मधे लांब-लांब ठेवायची, म्हणजे हात टोकाला रेंगाळतो आणि मधून झपकन जातो. सगळी अंतरं सारखी ठेवली की हालचाल यंत्राची वाटते.

आठ फ्रेम हात वर जायला, मग तीन हेलकावे. पहिले दोन १२-१२ फ्रेमचे, तिसरा आठ फ्रेमचा आणि लहान, कारण तोवर ड्रायव्हरने पाहिलेलं असतं आणि आजीचं लक्ष नातवाकडे वळलेलं असतं. तिन्ही हेलकावे एकाच मापाचे काढून तीच चित्रं फिरवण्याचा मोह होतो, आणि मालिकांच्या कामात तसं सर्रास करतातही. पण इथे ते करू नये. तीनच हेलकावे आहेत, तिसऱ्यात मन दुसरीकडे गेल्याचं दिसलं पाहिजे.

बांगड्यांचा इथे फार उपयोग होतो. हिरव्या बांगड्यांचा चुडा मनगटावर असला की हात कुठे संपतो आणि पंजा कुठे सुरू होतो ते आपोआप कळतं. शिवाय तो चुडाही मागे राहतो: हात वर गेला की कोपराकडे घसरतो, खाली आला की मनगटावर येऊन थांबतो. प्रत्येक बांगडी वेगळी काढायची नाही. सगळा चुडा मिळून एक जाड वळं, आणि सफाईच्या वेळी त्यावर दोन-चार रेघा.

फ्रेम ४१पासून बोट दाखवणं. आता गट बदलतो. तर्जनी एकीकडे, आणि मधलं बोट, अनामिका, करंगळी मिळून दुसरीकडे एक मूठ. अंगठा मधल्या बोटावर टेकवून मुठीतच घालायचा. म्हणजे पाच बोटांचे पुन्हा दोनच आकार झाले: एक लांब आणि एक गोळा. या दोघांत जेवढा फरक तेवढं बोट स्पष्ट. नवशिक्याची मूठ अर्धवट उघडी राहते, त्यातून तीन बोटांची टोकं डोकावतात, अंगठाही वर उभा असतो, आणि मग कुठलं बोट दाखवतंय तेच कळत नाही. काळ्या आकृतीच्या कसोटीत असा हात पंजा आणि मूठ यांच्यामधलं काहीतरी दिसतो.

बोट एकदम पुढे जात नाही. आधी सहा फ्रेम हात किंचित मागे, छातीकडे येतो आणि तर्जनीसकट सगळी बोटं आत वळतात. या तयारीमुळे प्रेक्षकाची नजर हातावर येते. मग चार फ्रेममध्ये, म्हणजे अवघ्या दोन चित्रांत, हात पुढे झेपावतो. त्यातल्या पहिल्या चित्रात पुढे असते ती मूठ. तर्जनी अजून वाकलेलीच असते. दुसऱ्या चित्रात तर्जनी उघडते. बोट सगळ्यांत शेवटी सुटतं म्हणूनच त्यात जोर दिसतो. पुढच्या दोन फ्रेममध्ये ते नेमक्या जागेच्या थोडं पुढे जातं आणि टोकाशी किंचित मागे वाकतं. कागदावर हे चित्र पाहिलं तर बोट मोडल्यासारखं वाटेल, पण ते सेकंदाचा बारावा भाग दिसतं, आणि तेवढ्यात डोळ्याला नुसता जोर जाणवतो. मग चार फ्रेममध्ये हात परत येऊन स्थिरावतो.

त्यानंतर आठ फ्रेम हात तिथेच राहतो. प्रेक्षकाने बोटाकडून एसटीकडे नजर नेण्यासाठी एवढा वेळ द्यावाच लागतो. खरं तर आणखी चार फ्रेम देता आल्या असत्या तर मी दिल्या असत्या. मात्र एकच चित्र आठ फ्रेम अडकवून ठेवलं तर आजी फोटोसारखी गोठते. म्हणून स्थिर दिसणाऱ्या हातातही एक अगदी बारीक सरकणं ठेवतात, कागदावर पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीएवढं.

दिशेचाही विचार इथे करावा लागतो. बोट कॅमेऱ्याच्या रोखाने आलं की त्याची लांबी दिसत नाही, समोर फक्त टोकाचा गोल आणि मागे मुठीचा ढीग उरतो. भरतीच्या जाहिरातींत समोर रोखलेलं बोट भेदक वाटतं, कारण ते चित्र स्थिर असतं आणि पाहणाऱ्याला हवा तेवढा वेळ मिळतो. हलत्या चित्रात तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून दिग्दर्शकाने फारच आग्रह धरला नाही तर बोट बाजूने, मोकळ्या जागेत काढायचं. आमची आजी डावीकडे बोट दाखवते, पदराच्या समोर नाही, आणि मागे लालपरीही अजून पोचलेली नाही. हे योगायोगाने घडत नाही. गाडी कुठल्या फ्रेमला चौकटीत शिरणार हेच मुळी हाताची जागा बघून ठरवायचं असतं.

राहिलं धरणं. तिघांत हे सगळ्यांत अवघड, कारण आता हातासोबत दुसरी वस्तू आली आणि दोघांना एकमेकांत मिसळू न देता जोडायचं आहे.

दांडा आधी काढायचा, पूर्ण, हाताच्या आरपार, जणू हात काचेचा आहे. हात त्याच्याभोवती नंतर बसवायचा. उलट केलं, म्हणजे आधी सुंदर मूठ काढून मग वर-खाली दांड्याच्या रेघा जोडल्या, तर वरची आणि खालची रेघ एका ओळीत येत नाहीत आणि दांडा मुठीच्या आत वाकल्यासारखा दिसतो. ही चूक इतकी सामान्य आहे की छापील कॉमिक्समध्येही शोधायला फारसं लांब जावं लागत नाही.

इथे तुकडे समोरासमोर येतात. एका बाजूला तळहात आणि अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटांचा पट्टा, मधे दांडा. ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन नेपियर याने १९५६ साली माणसाच्या पकडीचे दोन मुख्य प्रकार मांडले: वस्तू तळहातात दाबून घट्ट धरण्याची ताकदीची पकड आणि बोटांच्या टोकांनी धरण्याची नेमकेपणाची पकड. सुई धरणं दुसऱ्या प्रकारात येतं, एसटीचा दांडा पहिल्यात. ताकदीच्या पकडीत चारही बोटं एकाच दिशेने वळतात, म्हणून त्यांना एक पट्टा मानणं सोपं जातं. पट्टा मात्र आता गोल पाइपासारखा वाकत नाही, तीन जागी कोन करून वाकतो, कारण पेरं सरळ असतात आणि वाकतात ती सांध्यांतच. नळीसारखी गुळगुळीत वळलेली बोटं काढली की पकड रबरी होते. आणखी एक: दांडा तळहातावर काटकोनात बसत नाही, थोडा तिरका बसतो. तुम्ही स्वतः खिडकीचा गज घट्ट धरून पाहिलात तर मुठीचे उंचवटे गजाशी तिरकी रेघ करतात असं दिसेल.

फ्रेम ६५पासून १२ फ्रेम हात दांड्याकडे जातो. या प्रवासात पंजाचा आकार कसा बदलतो ते फ्रेंच मेंदूविज्ञानी मार्क जानरो याने १९८०च्या दशकात मोजलं होतं. वस्तूकडे हात नेताना माणूस पंजा वाटेतच उघडतो, वस्तूपेक्षा मोठा उघडतो, आणि सगळ्यांत जास्त उघडा असतो तो वाटेचा अर्ध्याहून बराच भाग ओलांडल्यावर. तिथून पुढे तो मिटत मिटतच वस्तूपाशी पोचतो. चांगल्या ॲनिमेटरांना हे मोजमापाशिवायही डोळ्यांनी ठाऊक होतं, पण आकडा हाताशी असला की काम सोपं होतं: १२ फ्रेमच्या प्रवासात आठव्या फ्रेमच्या आसपास पंजा सर्वांत मोठा उघडायचा. तिथे अंगठा एकीकडे, पट्टा दुसरीकडे आणि मधे दांड्याला पुरून उरेल एवढी जागा. काळ्या आकृतीत ही जागा दिसली पाहिजे. ती दिसली की आजी दांडा धरणार आहे हे प्रेक्षकाला धरण्याआधीच कळलेलं असतं. हात मिटलेलाच दांड्यापाशी नेला आणि तिथे पोचल्यावर उघडला, तर म्हातारीला दांडा दिसतच नाही की काय अशी शंका येते.

पहिला स्पर्श तळहाताचा. मग चार फ्रेममध्ये पट्टा वळतो, आणि पट्टा एकसंध राहून वळला तरी त्याच्या कडा एकाच वेळी पोचू नयेत. करंगळीची बाजू आधी आणि तर्जनीची एका चित्राने मागून, किंवा उलट. दोन्ही पद्धती मी पाहिल्या आहेत. आजी वर चढणार आहे, भार हाताच्या करंगळीच्या बाजूवर येणार आहे, म्हणून करंगळीपासून सुरुवात मला पटते. पुढच्या दोन फ्रेममध्ये मूठ आवळते: उंचवटे थोडे वर येतात, पट्टा थोडा आखूड होतो. अंगठा शेवटी येऊन बोटांवर टेकतो.

मनगट इथे विसरायचं नाही. मनगट पुढे, तळव्याच्या दिशेने पूर्ण वाकवून मूठ घट्ट आवळायचा प्रयत्न करा. मूठ आवळतच नाही, कारण बोटं सरळ करणाऱ्या कंडरा तोवर ताणल्या गेलेल्या असतात आणि मिटवणाऱ्या ढिल्या पडलेल्या असतात. घट्ट पकडीत मनगट नेहमी थोडं मागे झुकलेलं असतं. पुढे वाकलेल्या मनगटाने आजी दांडा धरतेय असं काढलं, तर प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण ती आता पडणार असं त्याला वाटत राहील.

उरलेल्या १४ फ्रेममध्ये आजी पायरीवर चढते, आणि इथे एक कडक नियम आहे. हात दांड्यावर एकदा बसला की तो जागचा हलता कामा नये. आजीचं शरीर वर जातं, कोपर वाकतं, खांदा पुढे येतो, पण मूठ दांड्यावर जिथे आहे तिथेच राहते. कागदावर काम करणारे म्हणूनच स्थिरावलेल्या मुठीचं एकच चित्र नक्की करतात आणि पुढच्या प्रत्येक कागदावर लाइटबॉक्सवरून तेच उतरवून घेतात, मग त्यातून मनगट आणि हात पुढे काढतात. मूठ दांड्यावर थोडी जरी सरकली तरी पकड सुटल्यासारखी दिसते. ही घसरण शोधायची तर चित्रं सावकाश पाहून उपयोग नाही. कागद बोटांत धरून फडफडवले, की क्षणात सापडते.

संगणकावरच्या त्रिमिती पात्रांत बोटं काढावी लागत नाहीत, ती आधीच बनवलेली असतात, तरी प्रश्न तोच राहतो. तिथे प्रत्येक पेराला फिरवायची वेगळी कळ असते आणि नवखा माणूस एकेका पेराला हात घालत बसतो. अनुभवी माणूस आधी सगळी बोटं एकत्र मिटवणारा नियंत्रक वापरून पूर्ण पोझ बसवतो आणि मगच एखादं बोट थोडं पुढे-मागे करतो. दांडा धरताना मुठीची घसरण इथेही होते, आणि ती टाळायला हात खांद्याऐवजी दांड्याला बांधावा लागतो. ही बांधणी नेमक्या स्पर्शाच्या फ्रेमला बदलली नाही तर हात एक फ्रेमभर हवेत उडी मारतो.

बोटं वेगळी कधी करायची, तर अगदी शेवटी. पेन्सिलीच्या कच्च्या कामात पट्टा नीट चालला, काळ्या आकृतीत तिन्ही क्रिया ओळखू आल्या, मगच सफाई करणारा कलाकार पट्ट्यावर बोटांच्या रेघा टाकतो. एसटीला हात करताना बहुतेक चित्रांत त्याला दोन छोट्या रेघा पुरतात, त्याही टोकांकडे, मुळापर्यंत नेलेल्या नाहीत. मुठीत तीन. नखं फक्त शेवटच्या, स्थिर हातात.

पण तबला वाजवणारा काढायचा असेल तर हे गणित कोलमडतं. तिथे तर्जनी आणि मधलं बोट वेगवेगळे बोल काढतात. दोघांचा पट्टा केला तर जाणकार प्रेक्षकाला ठेका चुकलेला दिसतो. भरतनाट्यमच्या हस्तमुद्रा आणि मूकबधिरांची सांकेतिक भाषा यांत तर बोटांची रचना हाच अर्थ असतो. तिथे प्रत्येक बोटाला स्वतंत्र चित्रं द्यावी लागतात, कॅमेरा जवळ आणावा लागतो, आणि निर्मात्याला आधीच सांगून ठेवावं लागतं की या चार सेकंदांना आजीच्या दृश्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतील.